भोकं वर की खाली?

भिंतीला ओल आली की मराठी माणूस सगळ्यात आधी रंगाऱ्याला बोलावतो. अंगात ताप असताना शिंप्याकडे जाऊन नवा सदरा शिवून घ्यावा, तसलाच हा प्रकार; पण आमच्या घरात तो वर्षानुवर्षं चालत आलेला कुळाचार आहे. पाऊस ओसरला की रंगारी येतो, फुगलेला गिलावा पत्र्याने खरवडतो, पुट्टी भरतो आणि वॉटरप्रूफ म्हणून काहीतरी दोन हात फासतो.

"पाच वर्षांची गॅरंटी, साहेब."

"आणि पुढच्याच वर्षी ओल आली तर?"

"ती नवीन ओल."

या युक्तिवादापुढे मी दरवर्षी हरतो आणि पैसे मोजतो.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, डोंगरउताराला. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे अंगण आणि मागच्या भिंतीपासून आठ फुटांवर डोंगराची कापलेली दरड. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा आमच्या माजघरात मुक्कामाला येतो. जुलैत ओल गुडघ्याएवढी असते, गणपतीपर्यंत कमरेला लागते. जांभा चिरा पाणी आनंदाने पितो आणि सावकाश वर चढवतो. मग दिवाळीच्या सुमाराला भिंत वाळायला लागली की पांढरा लोणा फुटतो, गिलाव्याचे पोपडे पडतात आणि गॅरंटीवाले गृहस्थ ब्रश घेऊन हजर होतात.

ओल बघायला येणाऱ्या प्रत्येकाकडे निदान तयार असतं. एका नातेवाइकांनी होकायंत्र काढून मला ईशान्येबद्दल सुनावलं. आई म्हणाली, "आमच्या वेळी नव्हती हो ही ओल," आणि सुनेकडे पाहिलं. मेहुणा संगणकातला इंजिनिअर. त्याच्या मते ही ओल भिंतीतली नसून हवेतली होती. त्याने दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक कापून भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने चिकटवलं. दोन दिवसांनी प्लास्टिकच्या वरच्या अंगाला थेंब दिसले तर दमट हवा, आतल्या अंगाला दिसले तर पाणी भिंतीतूनच येतंय. परीक्षा अगदी खरी आहे, घरच्या घरी कुणीही करावी. थेंब आतल्या अंगाला सापडले. ज्या भिंतीवर शेवाळ उगवलं होतं ती ओली आहे हे आता शास्त्राने सिद्ध झालं, आणि मेहुणा समाधानाने जेवायला बसला.

शेवटी शेजारचे आबा म्हणाले, "आत बसून काय बघतोस? पाऊस लागला की घराबाहेर उभा राहा. पाणी कुठून येतं नि कुठे जातं ते बघ."

मी छत्री घेऊन भर पावसात घरामागे उभा राहिलो. रस्त्याने जाणाऱ्यांनी मला बायकोने घराबाहेर काढलंय असा समज करून घेतला आणि चहाला बोलावलं. पण आबांचं खरं होतं. जे रंगाऱ्याला इतक्या दिवाळ्यांत दिसलं नव्हतं ते अर्ध्या तासात दिसलं. आमच्या आवारातला प्रत्येक थेंब, मग तो आभाळातून पडो, कौलांवरून ओघळो की डोंगरातून पाझरो, आमच्याच जोत्याशी येऊन थांबत होता. त्याला दुसरीकडे जायची सोय कुणी ठेवलीच नव्हती.

पहिली भानगड जमिनीची. आजोबांनी जोतं चांगलं दोन फूट उंच बांधलं होतं. मग वडिलांच्या काळात अंगणात कोबा आला. तो फुटला, म्हणून त्याच्यावर दुसरा कोबा आला. जुनं काही उखडायचं नाही, वरून नवीन घालायचं, हे आमच्या घराण्याचं धोरण. त्याच्यावर मी हौसेने पेव्हर ब्लॉक बसवले. अंगण पिढीगणिक वाढत गेलं आणि जोतं बुडत बुडत नऊ इंचांवर आलं. मागच्या बाजूला तर सौभाग्यवतींनी भिंतीला अगदी चिकटून मातीचे वाफे केले होते. त्यांत अनंत, जास्वंद, गवती चहा. म्हणजे भिंतीलगत भुसभुशीत माती आणि तिला रोज संध्याकाळी पाणी.

गवंड्याने लेव्हलची नळी काढली. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक भिंतीशी, एक टोक दहा फुटांवर; दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला राहतं, त्यावरून जमीन मोजायची. घरापासून बाहेर जाताना मातीची जमीन पहिल्या दहा फुटांत निदान सहा इंच तरी उतरली पाहिजे. कोबा किंवा फरशी असेल तर फुटाला पाव इंचावर भागतं. आमचं पुढचं अंगण बाहेर जाताना दोन इंच चढत होतं.

"साहेब, हे अंगण नाही, तळी आहे," गवंडी म्हणाला.

यावर सोपा उपाय सगळ्यांनाच सुचतो: भिंतीशी आणखी माती टाकायची, की झाला बाहेर उतार. असं केलं की उरलेलं जोतंही मातीत जातं आणि पाणी जोत्यावरून थेट भिंतीत शिरतं. माती भिंतीशी चढवायची नसते, लांबची उतरवायची असते. जोतं सहा-आठ इंच तरी उघडं दिसायला हवं. म्हणून पेव्हर ब्लॉक काढले, वडिलांचा कोबा फोडला, आजोबांचा चौथरा पुन्हा प्रकाशात आला. भिंतीलगत जिथे भर घालावी लागली तिथे तांबडी चिकण माती थरावर थर देऊन धुमसाने ठोकली. गवंड्याच्या पोऱ्याला ठोकण्याचा कंटाळा येऊन तो रेती टाकायला निघाला होता, पण रेतीतून पाणी सरळ पायाशी पोचतं. वाफे हलवण्याचा प्रश्न मात्र नळीने सुटणारा नव्हता.

"अनंत हलवला तर मरेल," ही म्हणाली.

"भिंत पडली तर आपण मरू."

"अनंत आईने दिलाय."

अनंत अजून तिथेच आहे. बाकीची झाडं हलली. संसारात जमिनीचे उतार असेच ठरतात.

दुसरी भानगड छपराची. आमचं छप्पर वरून पाहिलं तर साधारण हजार चौरस फूट, म्हणजे त्र्याण्णव चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, हा हिशेब चौथीतल्या मुलालाही जमावा. दिवसाला शंभर मिलिमीटर पाऊस आमच्याकडे जुलैत कुणाच्या लक्षातही राहत नाही. त्या दिवशी छपरावरून नऊ हजार तीनशे लिटर पाणी खाली येतं. जवळजवळ एक टँकर. मे महिन्यात जो टँकर मी हातापाया पडून, पैसे देऊन मागवतो, तोच जुलैत फुकट येऊन माझ्या पायात ओततो, आणि तेव्हा मी घरात बसून भजी खात असतो.

जुनी माणसं छप्पर भिंतीपासून चांगलं पुढे काढत. पागोळ्या लांब पडायच्या, शिंतोड्यांपासून भिंत वाचवायला झावळ्यांचे तट्टे लावायचे, आणि पागोळ्यांखाली चर असायचा. मी सुधारणा म्हणून पन्हळ लावली. पन्हळ लावणारा कारागीर कलावंत होता. त्याने ती चाळीस फूट लांबीला वाशांच्या टोकांशी अशी सरळ बसवली की फोटो काढावा. पन्हळीला दर दहा फुटांना अर्धा इंच तरी उतार हवा, म्हणजे चाळीस फुटांत दोन इंच. पण दोन इंच उतार दिला की खालून ती वाकडी दिसते, आणि वाकडी दिसली की येणारा-जाणारा विचारतो, "पन्हळ वाकडी लागली वाटतं?" लोकलज्जेस्तव आमची पन्हळ सरळ राहिली. तिच्यात पाणी साचलं, पाण्यात आंब्याची पानं कुजली, पानांत डास झाले. पुढे तिला उतार मिळाला तो वानरांच्या कृपेने. फणसावरून कौलांवर येताना त्यांचा थांबा पन्हळीवर असतो. मधले दोन क्लँप तुटले आणि मधोमध खोलगट भाग तयार झाला. चाळीस फुटांचं पाणी तिथे गोळा होऊन एकाच धारेने स्वयंपाकघराच्या खिडकीपुढे कोसळू लागलं. पाहुणे त्याला धबधबा म्हणून दाद देत.

पण पन्हळीतली खरी गंमत तिच्या शेवटी असते. पन्हळ पाणी गोळा करते, उभा पाईप ते खाली आणतो, आणि खाली आणून कुठे सोडतो? घराच्या कोपऱ्यात, जोत्याला लागून, सहा इंचांवर. तुम्ही चार घरं हिंडून पाहा, दहांतल्या आठ पाईपांचं तोंड तिथेच असेल. म्हणजे पूर्वी जे पाणी चाळीस फुटांत विखरून पडायचं, ते आता पैसे खर्चून एकत्र करून पायाच्या एका कोपऱ्याला घरपोच देण्याची व्यवस्था. मी कारागिराला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पाईप तेवढाच होता." क्लँप दर दोन फुटांवर नवीन ठोकले, उतार दिला, पन्हळ वाकडी दिसू लागली, आणि उभ्या पाईपाला एल्बो लावून पाणी दहा फूट लांब उताराकडे नेलं. त्या आडव्या पाईपाला येणारे-जाणारे सगळे अडखळतात. आई म्हणते, हा पाईप पूर्वी नव्हता.

एवढं करूनही मागची भिंत ओलीच. कारण तिसरं पाणी दिसतच नव्हतं. पाऊस थांबून तीन-चार तास झाले तरी दरडीच्या पायथ्याची जमीन पचपचत होती. डोंगरातलं पाणी मातीतून आतल्या आत सरकत येतं. त्याला अंगणाचा उतार दिसत नाही आणि पन्हळीशी त्याचं देणंघेणं नाही. त्याला वाटेतच गाठावं लागतं. त्यासाठी खडीचा चर.

ही युक्ती लोकांत पोचवली ती हेन्री फ्रेंच नावाच्या अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्सच्या गृहस्थांनी. ते पेशाने वकील आणि न्यायाधीश. शेतातल्या पाण्याच्या निचऱ्यावर त्यांनी १८५९ साली जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांचा मुलगा डॅनियल शिल्पकार झाला. वॉशिंग्टनच्या स्मारकात खुर्चीत बसलेला भव्य लिंकन त्याचाच. वडिलांचे चर जमिनीत पुरलेले असल्यामुळे त्यांच्यापुढे उभं राहून कुणी फोटो काढत नाही, हा या धंद्याचा तोटा आहे.

आमचा चर भिंतीपासून पाच फुटांवर, दरडीच्या पायथ्याशी आखला. भिंतीला खेटून खणायचा नाही, हे पहिलं पथ्य. पायाच्या तळापासून बाहेर खाली जाणारी पंचेचाळीस अंशांची तिरकी रेघ मनात काढायची आणि चराने ती ओलांडायची नाही. नाहीतर पाणी जाईल, पण पायाखालची मातीही त्याच्याबरोबर जाईल. लांबी साठ फूट: घराच्या मागून निघून कोपऱ्याला वळसा घालून उताराकडे. रुंदी एक फूट. सुरुवातीला खोली दीड फूट, आणि शंभराला एक या उताराने शेवटी दोन फुटांच्या थोडं वर. साठ फुटांत सात इंच उतार झाला. खडीचा हिशेब केला तर जवळजवळ शंभर घनफूट, म्हणजे बरोबर एक ब्रास. आयुष्यात माझा एवढा सरळ हिशेब दुसरा आलेला नाही.

खडी मात्र सरळ आली नाही. पाऊण इंची धुतलेली खडी सांगितली होती. आली ती निम्मी कच आणि भुकटी घेऊन. "भुकटीने घट्ट बसते," डंपरवाला अभिमानाने म्हणाला. रस्त्याखाली तिने घट्ट बसावं. चरात पाणी चालतं ते खड्यांमधल्या मोकळ्या जागेतून, आणि भुकटीने तीच जागा भरते. मग घमेल्याने खडी चाळून धुण्याचा कार्यक्रम झाला. दरम्यान ढीग रस्त्याकडेला असल्याने गावातल्या ज्याला ज्याला खडी हवी होती त्याने शेजारधर्माने नेली. एक ब्रासची पाऊण ब्रास झाली आणि पुन्हा डंपर आला.

खडीभोवती कापड हवं, नाहीतर दोन पावसाळ्यांत माती खडीत शिरते आणि चराची पुन्हा जमीन होते. त्यासाठी जिओटेक्स्टाईल मिळतं, जाडसर, लोकरी पोताचं. पाणी आत घेतं, माती बाहेर ठेवतं. गवंडी म्हणाला, "त्यापेक्षा प्लास्टिकचा कागद घालू, एक थेंब आत येणार नाही." त्याला परोपरीने सांगितलं की बाबा, थेंब आत यावा म्हणूनच हा खटाटोप आहे. आईने जुनं नऊवारी काढून दिलं. ते चार महिन्यांत कुजलं असतं हे सांगण्याची कुणाची हिंमत झाली नाही. सध्या ते कपाटात "चरासाठी" म्हणून ठेवलेलं आहे.

मग आला पाईप. चार इंची पीव्हीसी, त्याला खालच्या अंगाला भोकांच्या दोन रांगा. घड्याळाच्या तबकडीवर चार आणि आठ जिथे येतात, साधारण तिथे. चरात कापड अंथरलं, दोन-तीन इंच खडी पसरली, पाईप ठेवला, आणि काम थांबलं. कारण गवंडी पाईप फिरवून भोकं वर करत होता.

"भोकं खाली," मी म्हणालो.

गवंड्याने पोऱ्याकडे पाहिलं. पोऱ्याने आकाशाकडे पाहिलं. "साहेब, पाणी वरून येतं."

"पण भोकं खालीच ठेवायची."

"मग आत आलेलं पाणी भोकांतून खाली नाही का जाणार?"

एव्हाना गडग्यावर माणसं जमली होती. गावात माणूस मेल्यावरही इतकी वेळेवर येत नाहीत. एका मास्तरांनी गुरुत्वाकर्षण समजावून सांगितलं. मेहुण्याने फोनवरून सुचवलं की अर्धी वर, अर्धी खाली करा. पोस्टातून निवृत्त झालेले एक जण म्हणाले की भोकंच नकोत, त्याने पाईप कमजोर होतो. माझ्याजवळ पुस्तकी उत्तर होतं, पण पुस्तकी उत्तराला गडग्यावर मान नसतो.

आबांनी विडी विझवली. "विहिरीत पाणी कुठून येतं रे?"

"खालून. झऱ्यातून."

"मग चरातही खालूनच चढणार. आधी तळ भरेल, मग वर येईल. भोक खाली असेल तर पाणी तिथे पोचल्या पोचल्या आत शिरेल नि वाटेला लागेल. भोक वर असेल तर अख्खा पाईप बुडेपर्यंत वाट बघत बसेल. तोवर तुझी भिंत पिऊन घेईल."

सभा पांगली. पाईप फिरला. गवंडी मात्र जाता जाता पोऱ्याला म्हणाला, "पाणी वरूनच येतं, पण साहेबांचं घर आहे."

वर खडी भरली, कापडाची दोन्ही टोकं घडी करून मिटली आणि वर पुन्हा थोडी खडी टाकली. छपराचा पाईप या चरात जोडायचा मोह सगळ्यांना झाला. दोन पाणी, एक वाट, खर्च कमी! तो मात्र हाणून पाडावा लागला. छपराचं पाणी पानं-कचरा घेऊन येतं, तो पाईपात अडकतो. आणि जोराच्या सरीत हेच भोकांचे पाईप उलटे चालून छपराचं पाणी मातीत वाटायला लागतात. छपराला बंद पाईप वेगळा, चराला भोकांचा वेगळा. घरात दोन जावा असल्या की चुली वेगळ्या केलेल्या बऱ्या, असं आई म्हणाली. हे तिने नेमकं कुणाला उद्देशून म्हटलं ते मी विचारलं नाही.

उरला शेवटचा प्रश्न, आणि खरा प्रश्न तोच असतो. एवढं गोळा केलेलं पाणी सोडायचं कुठे? शोषखड्डा घेऊन पाहिला. चार फुटांवर कातळ लागला. त्यात पाणी ओतलं तर दुसऱ्या दिवशी तेवढंच. उताराला खाली काकांची बाग, त्यापलीकडे वहाळ.

काकांकडे गेलो. आजवर आमच्या डोंगराचं सगळं पाणी त्यांच्याच बागेत पसरत होतं आणि त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. पण आता त्याला पाईप होता.

"म्हणजे तुझ्या घरातलं पाणी माझ्यात?"

"पाणी तेच आहे काका, आधीही येतच होतं."

"आधी ते देवाचं होतं. आता तुझं आहे."

हसू आलं तरी त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पसरून येणारं पाणी वेगळं आणि एका तोंडातून येणारी धार वेगळी. धार माती कापते. शेवटी असं ठरलं की चराचा पुढचा भाग बिनभोकांच्या पाईपाने काकांच्या हद्दीच्या कडेकडेने वहाळापर्यंत न्यायचा, खर्च माझा, तोंडाशी दगड रचायचे म्हणजे धार फुटेल, आणि उंदीर-खेकडे आत शिरू नयेत म्हणून जाळी बसवायची. वाटेत त्यांच्या माडांच्या आळ्यांना पाणी द्यायला एक टी आणि झडप ठेवायची, हे कलम त्यांनी शेवटच्या क्षणी घातलं.

पहिल्या मोठ्या पावसात मी तोंडाशी जाऊन उभा राहिलो. पाऊस थांबला, छपराचा पाईप पाच मिनिटांत आटला, पण चराचं पाणी संध्याकाळपर्यंत झुळझुळत राहिलं. चर काम करतोय हे ओळखायची खूण हीच. आत काही कोरडं पडलेलं नव्हतं. इतकं पाणी प्यालेला चिरा एका पावसाळ्यात वाळत नाही, आणि भिंत वाळेपर्यंत तिला रंग लावायचा नसतो. हे रंगाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग ओल्यावर लावायचा वेगळा रंग येतो."

आणि काका? ते रोज सकाळी छत्री घेऊन पाईपाच्या तोंडाशी जातात. पाणी किती, गढूळ की स्वच्छ, सगळं बघतात. स्वच्छ आलं तर कापड शाबूत. गढूळ आलं तर कुठेतरी माती शिरतेय. मोठ्या पावसातही बारीक झालं तर पाईप तुंबतोय. एवढं बारकाईने लक्ष ठेवायला मला पगारी माणूस परवडला नसता. परवा गडग्याशी येऊन त्यांनी हाक मारली. आवाज चढलेला होता.

"काय रे, पाणी कमी सोडतोस हल्ली?"

"काका, चार दिवस पाऊस नाही."

"ते मला माहीत नाही. माझ्या माडांना सवय झालीय."